पगार लॉक झाल्यावर जाहीर झालेली सुट्टी कशी टेस्ट करावी? मदत हवी आहे

आमच्या पेरोलमध्ये हजेरी 25 तारखेला लॉक होते आणि उरलेले दिवस हजर धरून पगार निघतो. आता 28 ला जाहीर झालं की 30 ला सुट्टी, तर काय?

रविवारची सुट्टी सोमवारी सरकवणं जमलंय. सोमवारीच साप्ताहिक सुट्टी असणाऱ्यांचा नियमही ठरलाय. घोडं अडतंय ते उशिरा आलेल्या सुट्टीवर. समजा एकाची 30 ची रजा आधीच मंजूर आहे, ती परत जमा व्हायला हवी. दुसऱ्याची पाळी 29 च्या रात्री 10 ते 30 च्या सकाळी 6. त्यातले 6 तास सुट्टीच्या दराने धरून फरक पुढच्या महिन्यात यायला हवा, जुनी पगारपत्रकं न बदलता. आमची सिस्टीम मात्र मागचा महिना पुन्हा मोजला की जुने आकडेच बदलून टाकते.

मी सुट्टीच्या नोंदीत `holiday_date` सोबत `announced_on` ठेवायचं म्हणतोय, म्हणजे 25 ची स्थिती जशीच्या तशी उभी करता येईल. पण टेस्टमध्ये सिस्टीमचं घड्याळ पुढे सरकवून दोन्ही महिने सलग चालवता, की लॉक झालेल्या डेटाची प्रत घेऊन फक्त फरक तपासता? आणि तीच सुट्टी नंतर रद्द झाली, तर परत केलेल्या रजेचं काय करता?