रनआउटवरून ग्रुपवर भांडण

"कालच्या रनआउटवरून आमचा ओपनर आणि कीपर टीमच्या ग्रुपवर एकमेकांना वाट्टेल ते बोलतायत, कॅप्टन म्हणून काय टाकू?"

चूक कोणाची ते ग्रुपवर ठरवूच नका, एकाची बाजू घेतल्यासारखं वाटलं की दुसरा टीम सोडायची भाषा करणार. दोघांची नावं घेऊन एवढंच टाका, "मॅच हातातून गेली म्हणून दोघांनाही लागलंय, कळतंय रे. कॉल कोणाचा होता ते रविवारी पिचवर उभं राहून बघू, आता इथे थांबूया." मग दोघांना वेगवेगळा फोन करा, आधी नुसतं ऐकून घ्या. आणि रविवारी खरंच बघा, विसरलात तर परत पेटेल. बॉल समोर गेला तर कॉल स्ट्रायकरचा, मागे गेला तर नॉन-स्ट्रायकरचा, हे सगळ्यांसमोर एकदा ठरवून टाका.