बंड्याचं दप्तर (बंड्या सोडून सगळे)

शुक्रवार

नाना: नवीन ग्रुप काढलाय. बंड्याला घेतलं नाही, मोठ्या ग्रुपवर कुणी काही टाकू नका. वालचंदला डायरेक्ट सेकंड इयरला लागलाय, डिप्लोमाचा जुना लॅपटॉप चार्जर काढला की बंद पडतो. गणपतीत सगळे जमू तेव्हा नवीन देऊ. संतूनं विश्रामबागच्या दुकानात भाव काढलाय.

संतू: १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. ६१,५००. बँकेच्या कार्डावर ३,००० सवलत, म्हणजे ५८,५००. पडझडीचा दोन वर्षांचा प्लॅन ३,५००. टोटल ६२,०००.

नाना: आक्का-दाजी, दादा-वहिनी, मी, ताई, संतू. पाच घरं. ६२ भागिले ५, प्रत्येकी १२,४००. सोप्पं.

दादा: 👍

नाना: बाकीचे?

नाना: ओ, बाकीचे??

शनिवार

ताई: नाना, काल रात्री ड्युटी होती म्हणून बोलले नाही, आणि खरं सांगायचं तर ड्युटी नसती तरी बोलले नसते. १२,४०० म्हणजे माझा निम्मा पगार. दादानं अंगठा दाखवल्यावर त्याच्याखाली "मला जमत नाही" कसं लिहायचं? संतूला तर अजून नोकरीच नाही. त्यानं कुठून तरी उसने आणून भरले असते आणि आपल्याला कळलंही नसतं.

नाना: मग सांगायचं की. समान वाटणीत भांडण नको म्हणून तर केलं.

ताई: समान वाटणीत भांडण होत नाही, मनात राहतं. आईच्या वॉशिंग मशीनच्या वेळी काय झालं? सगळ्यांनी हो म्हटलं, पैसे तू घातलेस आणि दोन हजार अजून तुझे यायचेत. दर दिवाळीला ते दोन हजार निघतातच.

नाना: मी कधी काढले?

आक्का: गेल्या दिवाळीला. चकल्या तळताना.

ताई: आमच्या वॉर्डात कुणाची बदली, कुणाची रिटायरमेंट झाली की वर्गणी निघते. आधी यादी फिरायची, नावापुढे आकडा. पहिल्यानं हजार लिहिले की आया-मावशीपण पाचशे लिहायच्या आणि आठवडाभर कडक चहा बंद करायच्या. आता एकच सिस्टर गोळा करतात. जो तो त्यांना एकटीला आकडा सांगतो, त्या कुणाला बोलत नाहीत. तसंच करू. उद्या रात्रीपर्यंत प्रत्येकानं मला एकटीला मेसेज करा. असा आकडा सांगा की जो परत मागावासा वाटणार नाही आणि दिल्यावर घरात कुणाशी वाद होणार नाही. ग्रुपवर मी फक्त बेरीज टाकेन.

दादा: आणि बेरीज जास्त आली तर?

ताई: मग हजारामागं सगळ्यांचं सारखं कमी करायचं. समजा ७१ हजार आले आणि लागले ६२, तर हजाराला साधारण ८७३ रुपये एवढं मी ग्रुपवर लिहिणार. जो तो आपापला हिशेब आपापल्या घरी करेल. पाच हजार बोललेला ४,३६५ देईल, दोन हजार बोललेला १,७४६. कुणी किती बोललं होतं ते उघडं पडत नाही.

वहिनी: आणि कमी आली तर?

ताई: तेच अवघड आहे. कमी आली तर कुणाला बाजूला घेऊन "तू एवढे अजून घाल" म्हणायचं नाही. आधी लॅपटॉप बदलायचा, मग माणसं.

आक्का: एक सांगते, राग मानू नका. आपल्यात लग्नात आहेराची वही असते ना, त्यात लिहिलेलं पंचवीस वर्षांनी काढतात. "तुमच्याकडून एकशेएक आले होते." ही तशी वही होऊ देऊ नका. ताई, तुझ्याकडचं लिहिलेलं काम झालं की खोडून टाक.

ताई: वहीत लिहितच नाही. माझ्या चॅटमध्ये आहे, गौरी जेवल्या की चॅट क्लिअर.

रविवार

नाना: हे बघ ताई, मी केले.
📷 _(यूपीआयची पावती)_

ताई: नाना!! डिलीट फॉर एव्हरीवन. लगेच.

नाना: का? पाठवले म्हणून सांगतोय.

ताई: आकडा दिसतोय की त्यात. आणि अजून पैसे पाठवायचे नव्हते, फक्त सांगायचे होते.

_नाना यांनी हा मेसेज हटवला आहे_

संतू: मी बघितला नाही. (बघितला.)

नाना: ते सोडा. मी म्हणतो नो कॉस्ट ईएमआय घेऊया की. सहा महिने, कुणालाच जड नाही.

संतू: नाना, नावाला नो कॉस्ट. व्याज बँक लावतेच, दुकानदार तेवढी सूट देतो म्हणून दिसत नाही. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी मात्र कार्डवाल्याच्या बिलात येतो, वर प्रोसेसिंग फी. आणि ईएमआयवर ही ३,००० ची सवलत मिळेलच असं नाही, दुकानात विचारावं लागेल.

ताई: फी राहू दे. सहा महिने दर पाच तारखेला पाच जणांकडं मागायचं कुणी? मी नाही. तिसऱ्या महिन्यात तुम्ही माझा फोन उचलायचे बंद कराल.

दादा: कार्ड माझं वापरा. सवलत त्याच बँकेवर आहे. फक्त बिल भरायची शेवटची तारीख १८ आहे, त्याआधी पैसे माझ्याकडं यायला हवेत, नाहीतर व्याज मलाच.

वहिनी: सवलत वर्गणीत धरायची, बरोबर? पॉइंट कार्डावर येतील ते?

ताई: पॉइंट तुमचे वहिनी, येऊ देत की. सवलत सगळ्यांची.

सोमवार

ताई: सगळ्यांचे आकडे आले. बेरीज ५४,०००. लागतात ६२. आठ कमी.

नाना: आठच ना. दादा आहे की.

_(पुढं सव्वा तास कुणी काही लिहिलं नाही.)_

वहिनी: नाना, एक स्पष्ट बोलते. आम्ही सांगितलेला आकडा दोघांनी बसून, विचार करून सांगितलाय. पुण्यात पगार मोठा दिसतो, त्यातून फ्लॅटचा हप्ता जातो तो दिसत नाही. आम्हाला द्यायचं नाही असं नाही. पण दर वेळी "उरलेलं दादा" असं झालं की आमचा आकडा आम्ही ठरवलेला राहत नाही. पुढच्या वेळी आम्ही आधीच कमी सांगू, म्हणजे उरलेल्याला जागा राहील. तसं करायला मला आवडणार नाही.

नाना: वहिनी तसं नव्हतं माझं.

वहिनी: माहितीय. म्हणूनच लिहिलं. मनात ठेवलं असतं तर चकल्या तळताना निघालं असतं.

आक्का: 😄

ताई: चूक माझीपण आहे. मी कमी किती ते लिहिलं, तिथंच सगळ्यांची नजर एका घराकडं गेली. "एवढे जमलेत, यात काय बसतं" असं विचारायला हवं होतं. संतू, ५४ मध्ये काय बसतं?

संतू: त्याच कंपनीचा ८ जीबीवाला ५२ ला आहे. पण त्याची रॅम बोर्डालाच सोल्डर आहे, नंतर वाढवता येत नाही. बंड्याला व्हर्च्युअल मशीन, अँड्रॉइड स्टुडिओ असलं चालवावं लागणार, ८ वर रडेल. मी नाही घेणार तो. पडझडीचा प्लॅन काढला तर मात्र १६ जीबीवाला ५८,५०० वर येतो.

दादा: प्लॅन काढला तर वॉरंटी?

संतू: कंपनीची एक वर्षाची असतेच, पण ती कारखान्यातल्या दोषाला. चहा सांडला, हातातून पडला, तर स्वतःचा खर्च. प्लॅन नंतर घेता येतो का ते कंपनीवर आहे, उद्या दुकानात विचारतो.

ताई: प्लॅन काढू. तरी साडेचार हजार.

आक्का: आता मी बोलते. माझा आकडा कमी होता कारण आत्ता हातात नाही. द्राक्षाचे पैसे उन्हाळ्यात आले, ते औषधाच्या दुकानात आणि सोसायटीच्या कर्जात गेले. पुढं ऑक्टोबरची छाटणी, मजुरी तोंडावर आलीय. पण बेदाणा कोल्ड स्टोरेजला आहे, दर बरा दिसला की सौद्याला काढणार. दिवाळीपर्यंत मी अजून पाच देऊ शकते. आत्ता मागाल तर मात्र दाजी सोनं गहाण टाकतील, त्यांना असल्या वेळी भलता हुरूप येतो.

ताई: आक्का, हे ग्रुपवर सांगायची गरज नव्हती, मला सांगितलं असतंस तरी चाललं असतं.

आक्का: माझं मी सांगितलं. दुसऱ्यानं सांगितलं असतं तर राग आला असता.

ताई: पण खरंय, मी नुसतं "किती" विचारलं. "किती आणि कधी" विचारायला हवं होतं. पगारदाराला महिन्याची पाच तारीख असते, बागायतदाराला नसते.

दादा: पाच मी आत्ता घालतो. आक्का, बेदाणा निघाला की दे.

वहिनी: चालेल. फक्त हे उसने आहेत असं इथंच लिहून ठेवू. आक्का दिवाळीला पाच देतील ते दादाला परत येतील, ते बंड्याला दादानं दिले असं कुणी धरू नये. आक्काचे म्हणूनच धरा.

आक्का: वहिनी, हे बरं केलंस. भाऊ आहे म्हणून तू बोलणार नाहीस असं वाटलं होतं.

ताई: म्हणजे ५४ अधिक ५, एकोणसाठ. बिल ५८,५००. पाचशे उरतात.

संतू: पाचशेत माऊस. मला एक विचारायचंय. माझे अगदीच थोडे आहेत. कार्डावर माझं नाव घालू नका, "सगळ्यांकडून" एवढंच लिहा.

ताई: नाव घालणार. मोठ्यापासून लहानापर्यंत, वयानं. आणि तीन दुकानं पालथी घातलीस, विंडोज सुरू करून जुना डेटा तूच भरून देणार आहेस, त्याचं काय धरू?

नाना: ते धरलं तर माझ्यापेक्षा त्याचंच जास्त होईल.

ताई: म्हणून धरायचंच नाही. आणि बिल बंड्याच्या नावावर करा, वॉरंटीला त्यालाच दुकानात जावं लागणार. अजून एक, नाना, हे तुला. तो त्यावर गेम खेळेल. "आम्ही काय यासाठी घेऊन दिला का" असं म्हणायचं नाही.

नाना: मार्क कमी पडले तरी?

ताई: मार्कांवरून बोल, लॅपटॉपवरून नको.

नाना: बघतो.

आक्का: बघतो नाही.

नाना: बरं. नाही बोलणार.

ताई: पैसे आता दादाच्या नंबरवर, १० तारखेच्या आत. नाना, तुझे माझ्याकडं आलेत ते मी पुढं पाठवते. नोटमध्ये फक्त "दप्तर" लिहा. पावती इथं टाकायची नाही.

दादा: आणि ताई, माझ्याकडं पैसे आले की आकडे मला दिसणारच की.

ताई: अरे हो.

ताई: मग सगळे माझ्याकडंच पाठवा. मी एकरकमी दादाला देते. ५४ हजार एका झटक्यात यूपीआयनं जातात ना, संतू?

संतू: जातात, एका दिवसाला लाखापर्यंत चालतं. तुझ्या बँकेनं मर्यादा कमी ठेवली असेल तर दोन हप्त्यांत पाठव.

वहिनी: आणि नाना, ते दोन हजार, वॉशिंग मशीनचे. कुणाकडून यायचेत?

नाना: तुमच्याकडूनच, वहिनी.

वहिनी: आत्ता पाठवते. पावती टाकू का?