चॅटवर पाठवलेली बिले आणि आपल्याकडची नोंद : तुमचे अनुभव

यंत्रदुरुस्तीचा माझा एकट्याचा व्यवसाय आहे. ग्राहक लहान आहेत आणि बहुतेकांना बिल व्हॉट्सअ‍ॅपवरच हवे असते. पाठवणे सोपे आहे, पण पाठवलेल्या बिलांपैकी अस्सल कोणते, हे पुढे आपल्यालाच सांगता आले नाही तर काय होते, ते मी नुकतेच अनुभवले.

एका ग्राहकाला मी 118 क्रमांकाचे 2,400 चे बिल पीडीएफ करून पाठवले. त्यातला 350 चा एक सुटा भाग त्यांनी स्वतःच आणून दिला होता, हे त्यांनी लगेच लक्षात आणून दिले. मी तीच फाइल उघडली, तो भाग वगळला, जुन्या फाइलवरच ती जतन केली आणि त्याच 118 क्रमांकाने 2,050 चे बिल पुन्हा पाठवले. दरम्यान त्यांच्या मदतनिसाने पहिली फाइल पाहून 2,400 भरले. पुढच्या 1,600 च्या 131 क्रमांकाच्या बिलातून ग्राहकाने आपले जास्तीचे 350 वळते करून 1,250 दिले, तेही मला न सांगता. सात महिन्यांनी मी त्यांच्याकडे 131 ची 350 बाकी मागितली, तेव्हा त्यांनी पहिली पीडीएफ मला परत पाठवली. ती माझ्या संगणकावर कुठेच नव्हती, कारण मीच ती पुसून टाकली होती. माझेच बिल मला ग्राहकाकडून पाहावे लागले.

आपण बिल पाठवल्यावर मूळ प्रत कोणती मानता, दुरुस्ती कशी करता आणि नोंद कुठे ठेवता, हे आपापल्या अनुभवासह लिहावे.

शिकवणीवाल्या बाई
मी विद्यार्थ्यांच्या पालकांना दरमहा शुल्काचे बिल पाठवते आणि दोन निळ्या खुणा उमटल्या की त्या पडद्याचे छायाचित्र घेऊन ठेवते. पालकांनी बिल पाहिले, याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा? आजवर एकदाही वाद झालेला नाही.

हिशेबनीस
मी अशा छोट्या व्यावसायिकांची खाती लिहितो. बाईंची सवय चांगली आहे, मात्र त्या खुणेचा अर्थ त्या समजतात त्याहून कमी आहे. निळी खूण संदेश वाचल्याचे दाखवते, जोडलेली पीडीएफ उघडून रक्कम पाहिल्याचे नाही. शिवाय वाचल्याची खूण ग्राहकाने बंद केलेली असेल, तर बिल नीट वाचूनही ती निळी होत नाही. त्यामुळे 'बिल मिळाले, रक्कम मान्य' एवढे ग्राहकाकडून लिहून आलेले उत्तर मला शंभर निळ्या खुणांपेक्षा जास्त उपयोगी वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. चॅट हे पोहोचवण्याचे साधन आहे, वही नव्हे. म्हणून क्रम उलटा ठेवावा : आधी नोंदवहीत पुढचा क्रमांक, तारीख, ग्राहक आणि रक्कम लिहावी, मग पीडीएफ तयार करावी आणि शेवटी ती पाठवावी. फाइलच्या नावातच क्रमांक असावा, म्हणजे ती कुणाच्याही फोनमध्ये शोधता येते. पाठवल्यानंतर त्या फाइलला पुन्हा हात लावायचा नाही, हा नियम बाकी सर्वांपेक्षा महत्त्वाचा आहे.

आपल्या प्रकरणात 118 चे बिल 2,400 चेच राहू द्यायला हवे होते. 350 साठी स्वतंत्र क्रमांकाची क्रेडिट नोट काढून तिच्यावर 'बिल 118 संदर्भात' असे लिहिले असते, तर ग्राहकाचे 2,400 आल्यावर त्यांच्या नावे 350 जमा दिसले असते. मग 131 चे 1,600 उणे 350 म्हणजे 1,250 आले, तेव्हा खाते शून्यावर मिटले असते आणि मागणीचा संदेश गेलाच नसता. एका क्रमांकाची दोन बिले अस्तित्वात आली की दोन्ही पक्ष आपापल्या परीने खरे ठरतात, आणि खरी अडचण तीच असते.

घरगुती मिठाईवाला
माझा प्रश्न असा आहे की बिल पाठवूनही लोक पैसेच देत नाहीत. तीन-तीन वेळा आठवण करूनही उत्तर येत नाही. यावर कुणाकडे उपाय आहे का?

यंत्रदुरुस्तीवाला
आपली अडचण खरी आहे, पण ती वसुलीची आहे. इथे नोंदीपुरते बोलू. तरीही एक विचारतो : आठवण करताना आपण जुने बिलच पुढे पाठवता की नवीन तयार करता?

घरगुती मिठाईवाला
नवीन करतो, कारण तारीख आजची दिसली की ग्राहकाला घाई वाटते. आता वरचे वाचून लक्षात येते की माझ्याकडे एकाच ऑर्डरची तीन-तीन बिले असतील. मोजून पाहायला भीती वाटते.

शिवणकाम करणारी
मी पीडीएफ वगैरे करत नाही. पूर्वी मी बिल संदेशातच टाइप करत असे. एकदा शिलाईचा दर चुकला, म्हणून पाच मिनिटांत तो संदेश संपादित केला. संदेश पाठवल्यापासून पंधरा मिनिटांपर्यंत तसे करता येते. संदेशाखाली 'संपादित' एवढेच दिसते, आधी काय लिहिले होते ते दिसत नाही. ग्राहक म्हणाल्या, तुम्ही दर नंतर वाढवलात. मी वाढवला नव्हता, कमी केला होता, पण दाखवणार काय? तेव्हापासून मी कार्बन लावलेल्या छापील बिलबुकात हाताने बिल लिहिते आणि वरच्या पानाचा फोटो पाठवते. पुस्तकातली खालची प्रत माझी.

हिशेबनीस
यात कमीपणा काहीच नाही. छापील क्रमांक आणि न फाडलेली कार्बन प्रत हीच उत्तम नोंदवही आहे. फोटो पाठवताना तो दस्तऐवज म्हणून पाठवावा. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकुंचित होतो आणि बारीक आकडे पुसट होऊ शकतात. चुकलेले पान फाडून फेकू नये. त्यावर 'रद्द' लिहून ते पुस्तकातच राहू द्यावे, नाहीतर क्रमांकात पडलेल्या खिंडाराचे उत्तर देत बसावे लागते.

बागकाम करणारा
माझी सारी नोंद चॅटमध्येच होती. एका ग्राहकाने संदेश आपोआप नाहीसे होण्याची मुदत 90 दिवसांवर ठेवली होती. एकास एक चॅटमध्ये ती दोघांपैकी कुणीही लावू शकतो, आणि तशी सूचना चॅटमध्ये आलीही होती, पण मी वाचली नाही. वर्षाअखेरीस हिशेब करायला बसलो तेव्हा त्या चॅटमध्ये त्यानंतरची जुनी बिले नव्हती. बँकेच्या जमा रकमांवरून मी निम्मी बिले अंदाजाने पुन्हा लिहिली. उरलेली कोणत्या कामाची होती, हे आजही नक्की सांगता येत नाही.

शिकवणीवाल्या बाई
माझी पडद्याची छायाचित्रेही फोनमध्येच आहेत, हे वाचून थोडी अस्वस्थ झाले. दर महिन्याच्या शेवटी ती संगणकावर उतरवून घेईन. पण एक शंका आहे. 'रक्कम मान्य' असे उत्तर आईच्या फोनवरून आले आणि शुल्क वडील भरत असतील, तर ते कुणाचे मान्य धरायचे?

हिशेबनीस
माझ्या मते बिल ज्यांच्या नावे आहे त्यांचे. पण घरातल्या घरात हे ताणू नये असे म्हणणारेही भेटतात, आणि दर वेळी मी त्यांना खोडून काढू शकलेलो नाही.

यंत्रदुरुस्तीवाला
आज 118 ची ग्राहकाने पाठवलेली पहिली फाइल मी बिलांच्या फोल्डरमध्ये परत ठेवली आणि 350 ची क्रेडिट नोट आजच्या तारखेने काढली. दुसरी, 2,050 ची फाइलही पुसलेली नाही. नोंदवहीत तिच्यापुढे 'चुकून दिलेली, विचारात घेऊ नये' असे लिहिले आहे. ग्राहकाला तिन्ही कागद एकाच संदेशात पाठवले. अजून उत्तर आलेले नाही. खूण मात्र निळी आहे.