मदत हवी आहे: प्लेसमेंट गॅरंटीवाल्या क्लासची खात्री कशी करायची?

भाचा बीएस्सी झालाय, पुण्यातल्या एका खासगी इन्स्टिट्यूटमधे सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स करायचा म्हणतोय. फी ६५ हजार, नो-कॉस्ट ईएमआयवर. पण कागद बघितले तर ते एका फायनान्स कंपनीचं त्याच्या नावावरचं कर्ज आहे, म्हणजे क्लासला पैसे आधीच मिळणार आणि याने मधेच सोडलं तरी हप्ते चालूच. जाहिरातीत गॅरंटी, फॉर्मवर मात्र फक्त 'प्लेसमेंट असिस्टन्स', आणि रिफंड पहिल्या आठवड्यातच.

सर्टिफिकेट सरकारमान्य म्हणतात, पण दाखवलं ते आयएसओ आणि उद्यम रजिस्ट्रेशन, त्याने कोर्सला मान्यता मिळत नाही एवढं माहितीये. सरकारमान्य कोर्सेसची यादी असलेल्या nqr.gov.in वर कोर्सच्या नावाने शोधलं, सापडलं नाही, क्वालिफिकेशन कोड मागितला तर टाळाटाळ. शिकवणाऱ्यांचे लिंक्डइन मागितले, नावंच सांगत नाहीत, डेमो घेणारा वेगळाच होता.

त्याला महिन्याभरात ठरवायचंय, एकरकमी फी भरणं शक्य नाही, पुणं सोडता येणार नाही. मागच्या बॅचच्या मुलांशी बोलायचंय, पण क्लासने दिलेले नंबर नकोत.

तर ज्यांनी असा कोर्स केलाय त्यांनी सांगा, नोकरी नाही लागली तर रिफंड आणि कर्ज बंद करायची जबाबदारी क्लासची, असं कुणी लेखी घेतलंय का, आणि त्यात नेमके कोणते शब्द असायला हवेत?