मदत हवी आहे: डीटीटी असलेल्या नमुन्यासाठी लावरी पद्धत

नमुना ट्रिस बफरमध्ये आहे, त्यात १ मिलिमोलर डीटीटी. प्रथिनं अंदाजे ०.१ मिग्रॅ प्रति मिली, म्हणजे बाययुरेटसाठी फारच पातळ. तिथे ५४० नॅनोमीटरला दिसणारा जांभळा रंग १ मिग्रॅच्या पुढेच भरवशाचा. लावरीत फोलिन अभिकर्मकाचं क्षपण होऊन निळा रंग येतो, पण डीटीटी स्वतःच त्याचं क्षपण करतं. त्यामुळे नुसत्या बफरचा ब्लँकही गडद निळा!

विचार असा आहे: १ मिली नमुन्यात ०.१ मिली ०.१५% सोडियम डीऑक्सिकोलेट, १० मिनिटांनी ०.१ मिली ७२% टीसीए, मग सेंट्रिफ्यूज. वरचं द्रव टाकून साका थेट अल्कधर्मी तांब्याच्या द्रावणात विरघळवायचा.

साक्यात उरलेल्या टीसीएने द्रावणाचा सामू उतरून रंग फिका पडतो का? बीएसएची प्रमाण द्रावणंही याच पायऱ्यांतून न्यावीत ना?