मदत हवी: क्लायंट म्हणतात चित्रातलीच बाल्कनी पाहिजे, मेल कसा लिहू?

रेघोट्या:
तातडीचं आहे. आर. के. नगरला एका बंगल्याचं काम चालू आहे. एलिव्हेशनचा रेंडर क्लायंटला पाठवला, त्यांना तो इतका आवडला की प्रिंट काढून थेट ठेकेदाराच्या हातात दिला. आता ठेकेदार म्हणतो चित्रासारखी बाल्कनी करायची तर वेगळे पैसे पडतील. आणि क्लायंट काका मला विचारतात, "तुम्हीच दिलंय, मग ड्रॉइंगमध्ये का नाही?" ते चित्र फक्त संकल्पना दाखवायला होतं, बांधकामासाठी नव्हतं, असा मेल उद्या सकाळी 10 च्या आत गेला पाहिजे. काका निवृत्त शिक्षक आहेत, दुखावता कामा नयेत. मसुदा असेल तर द्या.

गवंडीपुत्र:
ताई, रेंडर कशात केलाय? थ्रीडी मॉडेलवरून केला असेल तर मापं बरोबर असतात. मग "फक्त संकल्पना" कसं म्हणणार?

रेघोट्या:
मॉडेल नाही. समोरच्या बाजूचं रेघांचं स्केच एआय टूलमध्ये टाकलं आणि दोन ओळी लिहिल्या: काळा दगड, लाकडी पट्ट्या, संध्याकाळचा उजेड. सगळे असंच करतात हल्ली. त्याचा इथे काय संबंध?

जुना_कंपास:
सगळा संबंध त्याचाच आहे. मॉडेलवरच्या रेंडरमागे निदान खरी मापं असतात, तरी त्यावर पट्टी लावून माप काढायचं नसतं, कारण कॅमेरा जवळचं मोठं करतो. तुमच्या चित्रामागे माप नाहीच. त्या टूलने बाल्कनी कशी "दिसते" ते काढलं, ती कशावर उभी राहील याचा विचार त्यात नाही.

आता हे सांगा. काम कुठवर आलंय? मंजूर नकाशात बाल्कनी किती आणि चित्रात किती? चित्र कसं केलंय हे काकांना सांगितलं होतं का?

सागवान:
माझ्याकडे किचनचं असंच झालं. चित्रातला हिरवा लॅमिनेट बाजारात कुठेच मिळेना. शेवटी पीयू रंग मारून दिला, खर्च माझ्या अंगावर. म्हणून सांगतो, क्लायंटला चित्र देऊच नका, सॅम्पल द्या.

रेघोट्या:
फुटिंग भरून झालीत, प्लिंथपर्यंत आलोय. मंजूर नकाशात बाल्कनी 3 फूट. चित्रात 8 फूट तरी वाटते, खाली खांब नाही. आणि नाही, कसं केलंय ते सांगितलं नव्हतं. "एलिव्हेशन पाठवतेय" एवढंच लिहिलं होतं.

पंचगंगाकाठ:
खांबाशिवाय 8 फूट होतच नाही. मेलमध्ये सरळ "अशक्य" लिहा, विषय संपला.

जुना_कंपास:
"अशक्य" लिहू नका. उद्या ठेकेदार गावात कुठेतरी 8 फूट बाहेर आलेला स्लॅब दाखवेल आणि ताई खोट्या पडतील. होतो, पण कशाच्या जिवावर? आयएस 456 मध्ये कॅन्टिलिव्हरला लांबी भागिले 7 हा जाडीचा सुरुवातीचा हिशेब आहे. 8 फूट म्हणजे सुमारे 2440 मिमी, म्हणजे मुळाशी 350 च्या आसपास, जवळजवळ 14 इंच. स्टील वाढवून थोडं खाली येता येतं, टोकाला निमुळता करता येतो, पण मुळाशी जाडी लागतेच. शिवाय मागे तेवढं वजन धरून ठेवणारा बीम हवा. भरलेल्या फुटिंगचं डिझाइन 3 फुटांचं आहे, आणि नकाशाची मंजुरीही 3 फुटांचीच.

चित्रात बाल्कनीची कड किती जाड दिसते? शेजारच्या दाराशी ताडून बघा, दार 7 फुटांचं धरून.

रेघोट्या:
पाहिलं. 5 इंच जेमतेम.

जुना_कंपास:
आता पायऱ्या मोजा. तुमची प्लिंथ किती?

रेघोट्या:
अडीच फूट. ड्रॉइंगमध्ये 6 इंचाच्या 5 पायऱ्या. चित्रात 3 आहेत! म्हणजे एकेक पायरी 10 इंचाची. आणि हे आत्ता लक्षात आलं, खिडक्यांवर छज्जेच नाहीत. आपल्या पावसात पाणी सरळ आत येईल.

जुना_कंपास:
मग मेल याच तीन गोष्टींवर उभा करा. "चित्र आणि प्रत्यक्ष यात फरक असू शकतो" या वाक्याने कुणाला काही कळत नाही. पायऱ्या मात्र काका स्वतः मोजतील आणि त्यांना पटेल.

कायदेशीर_बोला:
हे सगळं नको. इंग्रजीत पक्का डिस्क्लेमर टाका, जबाबदारी संपली. करारात रेंडरचं कलम आहे का?

रेघोट्या:
करारात रेंडरचा उल्लेखच नाही.

जुना_कंपास:
मग आता मागून टाकलेला डिस्क्लेमर अंग काढून घेतल्यासारखा वाचला जाईल. पुढच्या करारात जरूर घाला. आज चूक कबूल करून मराठीत लिहा. असं काहीतरी:

"आदरणीय काका, नमस्कार. 'एलिव्हेशन' म्हणून मी पाठवलेलं चित्र हे मोजमापाचं ड्रॉइंग नाही. समोरच्या बाजूचं स्केच देऊन ते एआय सॉफ्टवेअरकडून तयार करून घेतलं होतं. हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं, ते राहून गेलं, त्याबद्दल दिलगीर आहे. रंग, दगड आणि एकूण रूप कसं वाटेल एवढ्यापुरतंच ते चित्र आहे.

आपण स्वतः पाहू शकाल: चित्रात दारापुढे 3 पायऱ्या आहेत, आपल्या प्लिंथला 5 लागतात. खिडक्यांवर छज्जे नाहीत, ड्रॉइंगमध्ये ते आहेत. बाल्कनी खांबाशिवाय 8 फूट बाहेर दिसते, मंजूर नकाशात आणि आरसीसी डिझाइनमध्ये ती 3 फूट आहे आणि फुटिंग त्याच हिशेबाने भरली आहेत. ती वाढवायची असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी आणि सुधारित मंजुरी लागेल. तोवर साइटवर सही केलेल्या ड्रॉइंगप्रमाणेच काम व्हावं. ठेकेदारांकडची प्रिंट कृपया परत घ्यावी. आपलं उत्तर आलं की पुढच्या कामाचं त्यांना कळवते."

गवंडीपुत्र:
मेल ठेकेदारालाही पाठवा. आणि चित्रावरच ठळक लिहा, "संकल्पना चित्र, बांधकामासाठी नाही". व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र फिरतं, मेल फिरत नाही. सेंट्रिंगवाल्याच्या मोबाइलवर चित्रच असणार.

पंचगंगाकाठ:
3 फुटांची बाल्कनी घालून त्याच टूलमधून नवीन चित्र काढून द्या की. पाच मिनिटांचं काम.

जुना_कंपास:
बाल्कनी बदलायला जाल तर खिडक्याही बदलून येतील, पुन्हा नवी भांडणं. द्यायचंच तर ड्रॉइंगवरून साधं मॉडेल करून द्या.

कायदेशीर_बोला:
आणि त्या मॉडेलचे पैसे कोण देणार? चूक कबूल केली म्हणजे फुकट.

गवंडीपुत्र:
द्यावं फुकट. ठेकेदाराने चित्रावरून स्लॅब टाकला असता तर?

कायदेशीर_बोला:
ठेकेदाराने ड्रॉइंग न बघता स्लॅब टाकला तर दोष त्याचा.

वडणगे_रोड:
ताई, ते टूल कुठलं? फुकट आहे का? आमच्या गोठ्याचं चित्र काढायचंय.

रेघोट्या:
मेल गेला, ठेकेदारालाही प्रत दिली. "दिलगीर" ठेवलं, इंग्रजी काही घातलं नाही. चित्रावर शिक्का मारून पुन्हा पाठवलं.

काकांचा तासाभरात फोन आला. पायऱ्या त्यांनी खरंच मोजल्या. बाल्कनी 3 फूटच राहू दे म्हणाले, प्रिंट संध्याकाळी आणून ठेवतील. मॉडेलचे पैसे मी मागितले नाहीत, पुढचं बघू.

पण मग म्हणाले, "दगड तरी चित्रातलाच ना?" चित्रातला दगड चार-चार फुटांचा, सांधा कुठेच नाही. असा काळा दगड क्लॅडिंगला कुणी बसवलाय का? नसेल तर रविवारी त्यांना घेऊन सॅम्पल बघायला जाते. कोल्हापुरात चांगला साठा कुणाकडे आहे?

सागवान:
सॅम्पल भिजवून बघा. कोरडा करडा दिसतो, ओला झाला की काळा. चित्रात ओलाच असणार.