अनुभव धागा: जोडीदाराचं प्रकरण उघड झाल्यावर राहिलात की निघालात, आणि कशावरून ठरवलंत?

खाडीकाठची
धागा मीच काढलाय, तर सुरुवात माझ्यापासून. दापोलीच्या खालच्या अंगाला आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. नवऱ्याचं वाडीतल्याच एका बाईशी पावणेदोन वर्षं चालू होतं. मला कळलं ते चादरींवरून. आषाढात आमच्याकडे कुत्रं फिरकत नाही, गिऱ्हाईक कुठून येणार? आणि पडवीत दोरीवर तीन नंबरच्या खोलीच्या चादरी, आठवड्यात दोनदा. त्या दिवसांत धुतलेली चादर चार दिवस वाळत नाही, उगाच कोण धुवेल?

विचारल्यावर म्हणाला, दोन महिने झाले. पंधरा दिवसांनी, "शिमग्यापासून." मग बँकेचं पासबुक बघितलं, तर त्याआधीच्या दिवाळीत बावीस हजार काढलेले. दर वेळी मी जरा सावरायचे आणि नवीन काहीतरी बाहेर पडायचं. चौथ्या खेपेला वाटलं, प्रकरणाचं जाऊ दे, हा अजून किती पोटात ठेवून बसलाय तेच कळत नाही.

शेवटी समुपदेशक बाईंनी त्याला घरी बसून लिहून काढायला लावलं. कधी सुरू झालं, कुठे भेटायचे, पैसे किती गेले, कोणाकोणाला माहीत आहे, शेवटचं बोलणं कधी झालं. नऊ पानं झाली, आणि त्यांच्यासमोर त्याने ती एका बैठकीत वाचली. मला काय काय विचारायचंय त्याची यादी त्यांनी आधीच बघितली होती आणि दोन प्रश्नांवर काट मारली होती. ते दोन मी हट्टाने घरी येऊन विचारले. विचारायला नको होते. तीन नंबरची खोली अजून माझ्याच्याने झाडवत नाही.

आता सात महिने झालेत. तुम्ही कशावरून ठरवलंत?

रत्नागिरीकर_बाबू
ताई, कोर्टाच्या नादी लागू नका. 2018 ला सुप्रीम कोर्टाने व्यभिचाराचा कायदाच काढून टाकला. आता काही करता येत नाही. जमवून घ्या, नाहीतर सोडा.

तालुक्याची_ताई
बाबूभाऊ, तुमचं अर्धं बरोबर आहे. गेलं ते कलम 497, म्हणजे पोलीस केस आणि शिक्षा. तेसुद्धा परपुरुषावर लागायचं, बायकोला त्याखाली तक्रार करताच येत नव्हती. घटस्फोटाचं कारण म्हणून व्यभिचार हिंदू विवाह कायद्यात आजही आहे.

मी अकरा वर्षं समुपदेशन करते, म्हणून थोडं लांबण लावते. त्याच कायद्यात एक खाच आहे. सगळं माहीत असून तुम्ही माफ केलंत आणि पूर्वीसारखं नांदायला लागलात, तर पुढे त्याच जुन्या प्रकरणावर घटस्फोट मागताना समोरचा वकील म्हणणार, यांनी तर माफ केलं होतं. तो पुन्हा तसाच वागला तर जुनंही परत उघडता येतं. म्हणून "बघू या" म्हणत एकत्र राहणाऱ्यांनी एकदा वकिलाला विचारून ठेवावं. आणि तिरमिरीत माहेरी निघू नका. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने बाईला तिथे राहायचा हक्क आहे. मारहाण असेल तर मात्र विश्वास वगैरे नंतर, आधी जिवाची सोय बघा.

आणखी एक, जे कोणी बोलत नाही. दोघांनी रक्त तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची तपासणी फुकट होते. लगेच केलेली तपासणी पुरेशी नसते, तीन महिन्यांनी परत करावी लागते. पुष्कळ जणी पहिला रिपोर्ट बघून सुटल्यासारख्या होतात.

ठरवायचं कशावरून, तर मी एकच बघते. पहिल्या महिन्यात रडतात सगळेच, त्याला मी फार किंमत देत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात बायकोने तोच प्रश्न विसाव्यांदा विचारला की नवरा काय करतो? "अजून किती दिवस हेच?" म्हणतो, की बसून परत सांगतो? चुकलेली बायको असली तरी हेच.

देवगडची_सून
माझे मिस्टर मुंबईला असतात, फक्त गणपतीला आणि मे महिन्यात येतात. मी कधी संशय घेतला नाही. संशयाने संसार नासतो. फोन वगैरे तपासू नयेत.

खाडीकाठची
वहिनी, इथे संशय नाहीये हो, नऊ पानं आहेत.

तांडेल
मी दुसऱ्या बाजूचा आहे. शिव्या घालायच्या तर घाला. हर्णैला बोट आहे. चूक माझी, बायकोची काडीइतकी नाही. तिने आधी फोनवर लोकेशन चालू ठेवायला लावलं. पण आम्ही आत गेलो की रेंज जाते, ठिपका तिथेच अडकून बसतो, आणि ती रात्रभर त्या ठिपक्याकडे बघत जागी. महिनाभराने तीच म्हणाली, बंद कर, याने माझंच डोकं फिरेल.

मग ठरलं की बोट लागली की मासळी उतरवायच्या आधी तिला फोन. आणि ती दुसरी कुठे दिसली तर त्याच संध्याकाळी, तिने विचारायच्या आधी मी सांगायचं. ती दिसणारच, लिलावाला येते, बंदर केवढंसं ते! पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बायकोने ताट भिरकावलं. पुढच्या वेळी नुसतं "बरं" म्हणाली. जून-जुलैची मासेमारी बंदी मात्र कठीण गेली. दोन महिने दोघं समोरासमोर, पळायला समुद्र नाही. तीन वर्षं झाली. फोन अजून करतो. एकदा बॅटरी संपली तर खलाशाच्या फोनवरून केला, पोरं हसतात.

मालवणी_माणूस
बाई निघून गेली तर लोक बाईलाच नावं ठेवतात, त्याचं काय करायचं ते कोणीतरी सांगा.

सुटलेली
मी निघाले. माझ्या नवऱ्याने सगळं खरं सांगितलं होतं, हप्त्याहप्त्याने नाही. संबंध तोडला, पगार माझ्या हातात द्यायला लागला. ताई म्हणतात त्या परीक्षेत तो पास झाला असता. पण त्याची मोटरसायकल अंगणात शिरली की माझ्या पोटात गोळा यायचा. चौदा महिने वाट बघितली, गोळा गेला नाही. मग वेगळी खोली केली. आईला सांगताना वाटलं होतं रडेल, तर म्हणाली, "गाव काय म्हणतला ता सोड, तुका काय व्हया ता बोल." मालवणी भाऊ, माझं उत्तर एवढंच.

वर्षभर वेगळं राहून संमतीने अर्ज केला. पहिल्या आणि दुसऱ्या तारखेत सहा महिने गेले. ते कोर्ट माफ करू शकतं, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. तो वाईट माणूस नव्हता. हे लिहिताना अजून जड जातं.

तालुक्याची_ताई
हे वाचून माझं वरचं बोलणं जरा अपुरंच वाटतंय. शरीराचं मी धरलंच नव्हतं.

खाडीकाठची
सगळं दोनदा वाचलं. सुटलेली, तुमचा गोळा मला ओळखीचा आहे, पण माझा रोज येत नाही. मी आता कॅलेंडरवर खूण करायला लागलेय. या महिन्यात अकरा खुणा आहेत, गेल्या महिन्यात सोळा होत्या.

काल देवळात पालखीची बैठक होती. परत आल्यावर चपला काढायच्या आधी म्हणाला, "ती आली होती, दारापाशी बसली होती, मी बोललो नाही." मी तांदूळ निवडत होते, निवडतच राहिले. वकिलाचा नंबर घेऊन ठेवलाय. मे महिन्याचं बुकिंग सुरू झालंय, तीन नंबरची खोली मागणारे दोन फोन आले. दोघांना भरली आहे म्हणून सांगितलं.